मृत्युपत्र वाचून झालं, आता सही मागतात

वकीलताई,
बाबांना जाऊन दोन महिने झाले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी सगळ्यांना बसवून मृत्युपत्र वाचून दाखवलं. साखर पेठेतलं घर धाकट्या भावाला, अक्कलकोट रोड एमआयडीसीतली मागांची शेडही त्यालाच. मला आणि पुण्याच्या थोरल्या भावाला मिळून बँकेतले चार लाख. आईला हयातभर घरात राहता येईल, एवढंच. कारण काहीच लिहिलेलं नाही. शेवटची चार वर्षं बाबांना डायलिसिसला मीच न्यायचे. २०२१ साली मृत्युपत्र नोंदवलं तेव्हा मात्र धाकटा त्यांना गाडीतून घेऊन गेला होता, आम्हाला पत्ताही नव्हता. घर आजोबांनी मिलच्या पगारातून बांधलेलं. ते १९८७ ला वारले, पाठोपाठ आजीही. उताऱ्यावर नंतर बाबांचं एकट्याचं नाव लागलं. वाचनाच्या वेळी दोन्ही आत्या होत्या, काही बोलल्या नाहीत. आता धाकटा म्हणतो, ‘ताई, एवढी सही कर.’ थोरला म्हणतो, ‘घर वडिलोपार्जित आहे, केस करू.’ मला पैशाचं एवढं नाही, पण बाबांनी मला मोजलंच नाही का? काय करू?
— एक लेक, सोलापूर

ताई,

आधी सहीचं बोलू, कारण बाकी सगळ्याला वेळ आहे, सहीला नाही. तो कागद पूर्ण वाचल्याशिवाय आणि त्याची झेरॉक्स स्वतःकडे घेतल्याशिवाय सही करू नका. असा कागद दोन प्रकारचा असू शकतो. एक म्हणजे नगर भूमापन कार्यालयात नाव लावण्यासाठी वारसांचा साधा संमतीचा जबाब. दुसरा म्हणजे हक्कसोडपत्र. मृत्युपत्र पक्कं असेल तर भावाला तुमच्या हक्कसोडपत्राची गरजच नाही, मृत्युपत्रावरूनच नाव लागतं. तरीही तो सही मागतोय यावरून त्याच्या मनात काळंबेरं आहे असं लगेच धरू नका. बँका आणि सरकारी टेबलं पुढची कटकट नको म्हणून सगळ्या वारसांच्या सह्या मागतात, हे मी रोज पाहते. पण नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र एकदा झालं की ते मागे घेणं जवळजवळ अशक्य असतं. उद्या मृत्युपत्र पडलं, तरी तुमचा हिस्सा तुम्ही स्वतःच्या सहीने सोडलेला असेल.

आता एका घराची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तुमच्याकडे मामांनी वाचलं, तिथे मी वाचलं होतं. सिनेमात दाखवतात तसं ‘वकिलाने सगळ्यांना जमवून वाचलंच पाहिजे’ असं आपल्या कायद्यात कुठेही नाही. त्या गृहस्थांनी मृत्युपत्र करताना मला तसं सांगून ठेवलं होतं, म्हणून मी गेले.

भवानी पेठेतलं जुनं घर. खाली कुटुंब, वर जुना भाडेकरू. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, भिंतीला टेकून आई. थोरला मुलगा पुण्याहून आलेला, त्याची बॅग दाराशीच. धाकटा आणि त्याची बायको याच घरात राहणारी; शेड पंधरा वर्षं तोच बघत होता. मधली मुलगी नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, शाळेत नोकरीला. मी वाचायला लागले. घर मुलीला. शेड, आठ माग आणि धंदा धाकट्याला. थोरल्याला तीन लाखांची मुदत ठेव, आणि पुढे एक वाक्य: ‘थोरल्यास शिक्षण व पुण्याचे घर यासाठी वेळोवेळी दिले आहे, ते पुरे.’ आईला हयातभर घरात राहण्याचा आणि वरच्या भाड्याचा हक्क.

खोलीत कोणीच खूश झालं नाही. हे मला तेव्हाही विलक्षण वाटलं होतं. थोरला म्हणाला, “म्हणजे मी परकाच.” धाकट्याची बायको उठून स्वयंपाकघरात गेली, ज्या घरात ती लग्न होऊन आली, दोन मुलं वाढवली, ते घर आता नणंदेचं होतं. धाकट्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: “मॅडम, कर्जाचं काय लिहिलंय?” कर्जाचं काही लिहिलेलं नव्हतं. आणि जिला सगळ्यांत मोठी गोष्ट मिळाली असं इतरांना वाटत होतं, ती मुलगी मान वर करेना. “मी मागितलं नव्हतं,” एवढंच ती आईकडे बघून म्हणाली. थोरला पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघून गेला. पंधरा दिवसांत त्याच्या वकिलाची नोटीस आली. वडिलांवर दबाव आणून मृत्युपत्र करून घेतलं, असं त्यात लिहिलं होतं.

पुढे काय झालं ते सांगायचं कारण वेगळं आहे. आईने मासिकाच्या दिवशी तिघांना पुन्हा बसवलं, या वेळी वही घेऊन. प्रत्येकाला कागदावर काय मिळालं आणि त्याला काय चिकटलेलं आहे, ते लिहायला लावलं. शेडची जमीन एमआयडीसीची, भाडेपट्ट्याची, मालकीची नव्हेच. माग जुने साधे, विकायला काढले तर भंगाराच्या वजनाने जाणारे. त्यांवर सहकारी बँकेचं नऊ लाखांचं कर्ज आणि जामीनदार धाकटा स्वतः. म्हणजे ‘सगळा धंदा मिळाला’ त्याच्या वाट्याला खरं तर हप्ते आले होते आणि रोज सकाळी शेड उघडायचं काम. मुलीला घर मिळालं, पण आई असेपर्यंत ते विकता येणार नाही, वरचा भाडेकरू हलणार नाही, आणि खाली भावाचा संसार. थोरल्यालाही २०११ साली फ्लॅटसाठी मिळालेले सात लाख स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले. ते त्याने उसने म्हणून घेतले होते; परत द्यायचे राहून गेले होते.

तरीही त्याचा राग गेला नाही. मग त्याने आईला सरळ विचारलं, “बाबांनी मला घरातून का काढलं?” आई म्हणाली, “तू महिनाभरात घर विकायला काढशील, अशी त्यांना भीती होती.” थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, “काढलं असतं.” दावा दाखल झाला नाही. धाकट्याने स्वतःची जागा होईपर्यंत खाली राहायचं, भाडं नाही पण घरपट्टी त्याची, असा करार मुलीने लिहून दिला. थोरल्याने तीन लाखांची ठेव आईच्या हयातीत मोडायची नाही असं ठरवलं, व्याज आईला. सगळे एकमेकांशी गोड झाले असं मात्र नाही. पुढची दोन वर्षं थोरला सिद्धेश्वरच्या यात्रेलाही घरी उतरला नाही.

आता तुमचं प्रकरण. तुमच्या थोरल्या भावाचं म्हणणं आधी बघते, कारण केस त्यावरच उभी राहणार आहे आणि तो पाया कच्चा आहे. आजोबांचं ते सगळं वडिलोपार्जित, नातवंडांचा त्यात जन्मापासून हक्क, असं घरोघरी मानतात. पण १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आल्यानंतर एखादा माणूस स्वकमाईची मिळकत मागे ठेवून, मृत्युपत्र न करता वारला, तर ती मुलाकडे मुलाची स्वतःची मिळकत म्हणून येते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली हे स्पष्ट केलं आहे. तुमच्या आजोबांनी घर मिलच्या पगारातून बांधलं असेल, तर बाबांना त्यातून जे मिळालं ते बाबांचं स्वतःचं. ते त्यांनी कोणालाही द्यावं, तिघांपैकी एकालाच द्यावं, कायदा अडवत नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः हक्क मिळाला तो एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत; अशा स्वतंत्र मिळकतीत नाही. त्या घराची जागा आजोबांच्याही आधीपासून कुटुंबाची असेल तर चित्र बदलतं, म्हणून जुने उतारे आणि खरेदीखत एकदा वकिलाला दाखवून घ्या.

पण तुमच्या पत्रात दुसरी एक गोष्ट आहे, जिच्याकडे तुमच्या घरात कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. आत्या. १९८७ साली आजोबा वारले तेव्हा त्यांचे वारस एकटे बाबा नव्हते. आजी, बाबा आणि दोन्ही आत्या, चौघांचा सारखा चौथा हिस्सा होता. आजी गेल्यावर तिचा हिस्सा तिच्या तीन मुलांत वाटला गेला. म्हणजे हिशेबाने घराचा एक तृतीयांश बाबांचा आणि एकेक तृतीयांश दोन्ही आत्यांचा. आत्यांनी त्या वेळी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं असेल तर प्रश्न मिटला. पण त्या काळात बहुतेक घरांत बहिणींनी नुसता जबाब दिलेला असतो, ‘भावाचं नाव लावायला आमची हरकत नाही’, आणि उताऱ्यावर भावाचं नाव चढतं. उताऱ्यावरची नोंद हा मालकीचा पुरावा नव्हे. हक्कसोडपत्र नसेल तर बाबा मृत्युपत्राने फक्त स्वतःचा तिसरा हिस्सा देऊ शकत होते. जे आपलं नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही.

याने तुमचा वाटा वाढत नाही, हे स्पष्ट सांगते. वाढला तर आत्यांचा. पण धाकटा ज्याला ‘माझं घर’ म्हणतोय त्याची कागदपत्रं पुरी नसण्याची शक्यता आहे, आणि हे त्याला आज कळलेलं बरं. उद्या कर्जासाठी बँकेत गेल्यावर कळण्यापेक्षा. कृपा करून आत्यांना हत्यार म्हणून वापरू नका. त्यांना घरी जाऊन विचारा, ‘तेव्हा तुम्ही कशावर सही केली होती?’ त्या वाचनाच्या दिवशी का गप्प होत्या, याचंही उत्तर कदाचित तिथे मिळेल.

दुसरा प्रश्न, मृत्युपत्र खरोखर बाबांनी केलं का. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याची सही हवी आणि किमान दोन साक्षीदार हवेत. त्या दोघांनी त्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ‘ही माझी सही’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि मग त्याच्यासमोर स्वतःच्या सह्या केलेल्या असाव्यात. वाद झालाच तर निदान एका साक्षीदाराला न्यायालयात येऊन हे सांगावं लागतं. नोंदणी सक्तीची नाही. झालेली असली तर बळ मिळतं, पण नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र आपोआप सिद्ध होत नाही. ते सिद्ध करायची जबाबदारी धाकट्यावर. ज्याला सगळं मिळतं त्यानेच मृत्युपत्र घडवून आणण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती शंका दूर करणंही त्याचंच काम. १९५९ पासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आलं आहे.

मात्र गाडीतून नेलं, एवढ्यावर शंका उभी राहत नाही. आजारी माणसाला सोबत राहणारा मुलगाच नेणार. बघायचं ते हे: मसुदा कोणाच्या सांगण्यावरून झाला, बाबा वकिलाशी एकटे बोलले का, साक्षीदार बाबांचे माणूस होते की धाकट्याचे, त्या दिवशी बाबा कुठे दाखल तर नव्हते ना. डायलिसिसवर असणं म्हणजे भान नसणं नव्हे, आणि असमान वाटणी हीसुद्धा शंका नव्हे. सगळ्यांना सारखंच द्यायचं असेल तर मृत्युपत्र करायची गरजच काय; ते न करताही तुम्हाला आणि आईला सारखे हिस्से मिळालेच असते. ‘मुलीने सेवा केली आणि तिला काही नाही’ हे न्यायाधीशासमोर ऐकायला करुण आहे, पण त्या मुद्द्यावर मृत्युपत्र पडत नाही.

आता बँकेतल्या चार लाखांचं. खात्याला नॉमिनी कोण आहे ते विचारा. बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते, पण नॉमिनी मालक होत नाही. मृत्युपत्राप्रमाणे ज्यांना द्यायचे त्यांच्यासाठी ते तो सांभाळतो. नॉमिनी धाकटा असेल तर ते पैसे तुम्हा दोघांना देणं त्याला बंधनकारक आहे. शेडबाबत त्याला एकच विचारा: कर्ज किती, आणि धंदा बाबांच्या एकट्याच्या नावावर होता की भागीदारीत? भागीदारीत असेल तर निम्मा आधीपासून त्याचाच असू शकतो आणि मृत्युपत्राने त्याला मिळालं ते तुम्ही समजता त्याहून कमी. भवानी पेठेतल्या त्या वहीसारखा हिशेब तुम्हीही मांडा, रागाच्या भरात नव्हे, आईला शेजारी बसवून.

आईचं राहू देऊ नका. ‘हयातभर राहता येईल’ हे वाक्य मृत्युपत्रात आहे, पण उद्या धाकट्याच्या नावाचा उतारा बघणाऱ्याला ते दिसणार नाही. म्हणून नाव लावताना त्याच उताऱ्यावर आईच्या राहण्याच्या हक्काची नोंद करून घ्या. तुमच्या संमतीच्या बदल्यात काही मागायचं असेल तर सगळ्यांत आधी हे मागा. याला नाही म्हणणं धाकट्यालाही जड जाईल.

आणि तुमचा खरा प्रश्न, बाबांनी मोजलं का. ताई, याचं उत्तर न्यायालयात मिळत नाही. तिथे कागद खरा की खोटा एवढंच बघतात. न्याय्य की अन्याय्य हे बघत नाहीत. मृत्युपत्र करायला येणाऱ्या वडिलांकडून मी वर्षानुवर्षं एक गोष्ट ऐकते: ‘लेकीला काय कमी आहे, जावई चांगला आहे.’ ज्या मुलीवर सगळ्यांत जास्त विसंबून असतात, तिची काळजी त्यांना वाटत नाही, आणि मृत्युपत्र ते काळजीपोटी करतात, कौतुक म्हणून नव्हे. तुमच्या बाबांचं असंच होतं असं मी म्हणणार नाही; मी त्यांना ओळखत नाही. ज्यांना माहीत असेल अशी दोन माणसं आहेत, आई आणि तो मसुदा करणारे वकील. वकील कदाचित सांगणार नाहीत. आईला विचारा, पण भाऊ समोर नसताना, आणि ‘मला का नाही दिलं’ असं न विचारता ‘बाबा माझ्याविषयी काय म्हणाले होते’ असं विचारा. उत्तर मनासारखं येईल याची खात्री देत नाही. चार वर्षं तुम्ही त्यांना घेऊन जात होतात हे कोणत्याही कागदावर नाही आणि त्याचं दुःख होणं रास्तच आहे. ते दुःख धाकट्यालाही बोलून दाखवा. त्याला ते माहीत आहे असं गृहीत धरू नका. बहुतेकदा भावांना माहीत नसतं.

त्याच्याशी बोलताना घरच्या ग्रुपवर लिहू नका, थोरल्यामार्फत निरोपही नको. स्वतः जा आणि एवढंच म्हणा: ‘मृत्युपत्राची प्रत बघितल्याशिवाय मी सही करणार नाही आणि अडवणारही नाही. आईची नोंद, आत्यांचे कागद आणि कर्जाचा आकडा, एवढं समोर ठेव, मग बसू.’ त्याला स्वतःहून तुम्हाला काही द्यावंसं वाटलं आणि ते घरातलं किंवा जमिनीतलं असेल, तर तोंडी मान्य करू नका. बक्षीसपत्र किंवा कौटुंबिक व्यवस्थेचा लेख करून त्याची नोंदणी करावी लागते.

थोरल्याला सांगा, आत्यांच्या कागदांचा उलगडा होईपर्यंत नोटीस पाठवू नकोस. नोटीस गेली की धाकटा वकिलामार्फत बोलायला लागेल आणि आईला दोन घरांत विभागून राहावं लागेल. एकच गोष्ट वेळेत करायची आहे. धाकट्याने नाव लावायला अर्ज केला की वारसांना हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस येते. ती घेतली नाही किंवा गप्प बसलात तर नोंद होऊन जाते. नोंदीने मालकी ठरत नसली तरी पुढचं सगळं अवघड होतं. तोवर कागद हाती आले नसतील तर साध्या अर्जाने लेखी हरकत द्या; त्यासाठी दावा करावा लागत नाही. पण केवळ राग काढायला हरकत घेऊ नका, त्याचं बँकेचं काम खोळंबलं तर हप्ते शेडवर चढतील.

नोंदवलेल्या मृत्युपत्राची प्रत मिळवायला धाकट्याची परवानगी लागत नाही. बाबा हयात असताना ती फक्त त्यांनाच मिळाली असती. आता मृत्यूचा दाखला जोडून तुम्ही स्वतः दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करू शकता. याच आठवड्यात तो करा. प्रत आली की तारीख, दोन्ही साक्षीदारांची नावं आणि मसुदा कोणी केला हे मला कळवा, आणि धाकट्याने पुढे केलेल्या कागदाचा फोटोही पाठवा.